बेबी पिंक पीच होतो आणि डार्क ग्रीन पोपटीच राहतो, असं का?

प्रश्न: बटरक्रीममधे लाल जेल कलर अगदी थेंबभर घातला तरी बेबी पिंक न येता पीच रंग येतोय. आणि डार्क ग्रीनसाठी अर्धी बाटली संपवली तरी रंग पोपटीच, वर चव कडू. परवा केक द्यायचाय, ६ इंची, बाहेरून फिकट गुलाबी आणि वर गर्द हिरवी पानं. पीच झालेलं बाऊलभर आयसिंग तसंच पडलंय. काय चुकतंय?

उत्तर:

चूक तुमच्या हाताची नाहीये, आणि रंगाच्या बाटलीचीही बहुतेक नाहीये. तुम्ही ज्याला पांढरं आयसिंग समजून रंग घालताय ते पांढरं नाहीच मुळी, ते पिवळं आहे. बटरमधे नैसर्गिक पिवळेपणा असतोच, गाईच्या खाण्यातून येणाऱ्या कॅरोटीनचा, आणि डोळ्याला तो एरवी जाणवत नाही कारण आपण बाऊलमधे एकटंच आयसिंग बघत असतो. एक पांढरा कागद घ्या, त्यावर नुसत्या बटरक्रीमचा एक फटकारा ओढा आणि खिडकीपाशी नेऊन बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते. आता या पिवळ्यात लाल पडला की काय होणार, केशरीकडेच जाणार ना. आणि लाल जेल बहुतेक वेळा स्वतःच जरा केशरीकडे झुकलेला असतो, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी पहिली दोन वर्षं हेच करत होते आणि दरवेळी नवीन ब्रँडची बाटली आणत होते.

तर गुलाबीसाठी आधी पिवळेपणा घालवायचा, मग रंग. पिवळेपणा घालवायला दोन गोष्टी, आणि दोन्ही करायच्या.

पहिली म्हणजे बटर एकटंच फेटायचं, साखर न घालता, आणि भरपूर फेटायचं. बटर खोलीच्या तापमानाला आलेलं हवं, बोट दाबलं तर खड्डा पडेल पण चकचकीत तेलकट दिसणार नाही इतपत. हँड मिक्सरवर मध्यम स्पीडला ७-८ मिनिटं सलग. तिसऱ्या मिनिटाला वाटतं की झालं, पण थांबू नका, पाचव्या-सहाव्या मिनिटानंतर तो खरा फिका पडायला लागतो. हवेचे बारीक बुडबुडे भरले की त्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि बटर पांढरट दिसतं, दुधाला फेस आला की तो दुधापेक्षा पांढरा दिसतो तसंच. कॅरोटीन कुठे गेलेलं नसतं, फक्त झाकलेलं असतं. मग आयसिंग शुगर दोन-तीन वेळात घालायची, त्यानेही अजून पांढरं होतं.

दुसरी म्हणजे जांभळा रंग. हो, गुलाबीसाठी जांभळा. जांभळा हा पिवळ्याच्या विरुद्ध बाजूचा रंग आहे, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतो तो अगदी हलका करडा, जो आपल्याला पांढरा वाटतो. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात ना, त्याच जातीचा प्रकार. पण प्रमाण सांभाळा. ५०० ग्रॅम आयसिंगला टूथपिकचं नुसतं टोक जांभळ्या जेलला टेकवायचं, बुडवायचं नाही, आणि ते टोक आयसिंगमधे फिरवायचं. मिसळून बघा, परत कागदावर फटकारा ओढा. पिवळं अजून दिसत असेल तर आणखी एकदा टोक. जास्त झालं तर आयसिंग राखाडी दिसायला लागतं, आणि राखाडीतून गोड गुलाबी कधीच येत नाही, तो मळकट येतो. म्हणून थोडंसं पिवळं राहिलं तरी चालेल पण राखाडी नको.

पांढरा फूड कलर घालून पण हे होतं, पण ज्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो त्याला युरोपियन युनियनने २०२२ मधे खाण्यातून बाद केलंय, आणि शिवाय पांढऱ्याने चांगला झाकायचा म्हणजे तो भरपूर लागतो. जांभळ्याचं टोक पुरतं, मी तेच करते.

आता गुलाबी कुठला घ्यायचा. लाल पातळ करून बेबी पिंक करायचा नाद सोडा. लाल कमी केला की तो फिका लाल होतो, आणि फिका लाल म्हणजे कोरल, सॅमन असला काहीतरी. बेबी पिंकला निळसर झाक असलेला गुलाबी लागतो, म्हणजे ज्याला आपण राणी कलर म्हणतो त्या बाजूचा. बाटलीवर नाव काहीही असू दे, तुम्ही एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून त्यात चार थेंब पाणी घाला आणि बशी तिरकी करा. कडेला जिथे रंग अगदी पातळ होतो तिथे तो केशरी दिसतो की जांभळट, ते बघायचं. केशरी दिसला तर तो या कामाचा नाही. हे बघायला अर्धं मिनिट लागतं आणि अख्खं बाऊल वाचतं.

बाय द वे, बऱ्याच गुलाबी जेलमधे एरिथ्रोसिन नावाचा रंग असतो, लेबलवर रेड ३ किंवा ई १२७ असं लिहिलेलं असतं. अमेरिकेने जानेवारी २०२५ मधे त्याची खाण्यातली परवानगी काढून घेतली आणि कंपन्यांना तो काढून टाकायला जानेवारी २०२७ पर्यंत वेळ दिलाय. तर तुमची नेहमीची बाटली नवीन आणल्यावर अचानक वेगळा गुलाबी देत असेल तर स्वतःवर शंका घेऊ नका, आधी लेबल वाचा. आणि हा एरिथ्रोसिन उजेडात उडतो पण फार, तो मुद्दा पुढे येईलच.

आता प्रमाण. पेस्टलची खरी अडचण म्हणजे रंग इतका कमी लागतो की तो मोजताच येत नाही. एक थेंब म्हणजे जास्त, अर्धा थेंब कसा घालणार? म्हणून सगळ्या आयसिंगमधे थेट रंग घालायचाच नाही. आधी एक गडद गुलाबी विरजण करून घ्यायचं, मी त्याला विरजणच म्हणते, दह्याला लावतो तसं. तुमच्या केकवरच करून दाखवते.

६ इंची केकला बाहेरून गुळगुळीत थर द्यायचा आणि वर पानं, तर मी साधारण ७०० ग्रॅम बटरक्रीम धरते (आतल्या थरांचं वेगळं). त्यातलं ५०० ग्रॅम गुलाबीसाठी आणि २०० ग्रॅम हिरव्यासाठी वेगळं काढा. जांभळ्याचं टोक फक्त या ५०० ग्रॅमला, हिरव्याच्या २०० ला नको, तिथे पिवळेपणा आपल्या फायद्याचाच आहे. मग ५०० मधून ५० ग्रॅम एका वाटीत घ्या आणि त्यात गुलाबी जेलचे २ थेंब घालून चांगलं एकजीव करा, राणी कलरसारखं भडक दिसेल, घाबरू नका. हे झालं विरजण. आता उरलेल्या ४५० ग्रॅममधे यातलं एक छोटा चमचा घाला, स्पॅट्युलाने बाऊलच्या तळापासून वर असं दुमडत मिसळा, कडा खरवडून घ्या. बघा. मग दुसरा चमचा. साधारण दोन-तीन चमच्यात बेबी पिंक येतो, पण तुमची बाटली माझ्यापेक्षा तेज असू शकते म्हणून चमच्याचमच्याने जा. विरजण उरेल, उरू दे. जास्त गडद झालं तर पुन्हा पांढरं करून वाढवत बसावं लागतं, आणि एवढुशा गडदपणाला दुप्पट आयसिंग खर्ची पडतं.

आणि तुम्हाला हवा त्याच्या एक पायरी फिका असतानाच थांबायचं. जेल हा पाण्यात विरघळणारा रंग आहे आणि बटरक्रीममधे पाणी अगदी थोडं, तेही बारीक बारीक थेंबात अडकलेलं, त्यामुळे रंग त्या पाण्यात पूर्ण पसरायला वेळ घेतो. तासा-दोन तासात गुलाबी नक्की चढतो. मी कागदावर एक फटकारा ओढून बाजूला ठेवते, त्याच्या शेजारी वेळ लिहिते आणि दोन तासांनी नवीन फटकारा ओढून तुलना करते. तुलना दिवसाच्या उजेडात, पिवळ्या बल्बखाली गुलाबी बघायचाच नाही, तो तुम्हाला परत पीच दिसेल आणि तुम्ही परत जांभळा घालत बसाल. एकदा रात्री अकरा वाजता मी असं "सुधारून" ठेवलं होतं, सकाळी बघते तर लव्हेंडर.

आता हिरवा. इथे गणित नेमकं उलटं आहे. गुलाबीत आपण हवा भरून पांढरेपणा वाढवला, हिरव्यात तोच पांढरेपणा आपला शत्रू. तुम्ही अर्धी बाटली घातलीत तरी पोपटीच राहिला याचं कारण रंग कमी पडला असं नाहीये, तर हलक्या फुललेल्या आयसिंगमधली हवा आणि न विरघळलेली साखर त्याला सतत फिकं करतेय, आणि जेल फॅटमधे नीट सुटतच नाहीये. जवळून बघा, हिरव्याचे बारीक ठिपके दिसतील, ते म्हणजे न सुटलेला रंग. तो तुम्ही पैसे देऊन घातलाय, तो कडवटपणा देतोय, पण डोळ्याला दिसत नाहीये.

म्हणून हिरव्याच्या २०० ग्रॅममधून साधारण एक तृतीयांश, म्हणजे ६०-७० ग्रॅम, काचेच्या वाटीत घ्या. त्यात पानासारखा हिरवा जेल, ज्याला लीफ ग्रीन म्हणतात तो, पाव छोटा चमचा घाला. मग मायक्रोवेव्हमधे ८-१० सेकंद फक्त. बाहेर काढून ढवळा, पातळ कस्टर्डसारखं झालं पाहिजे, नसेल तर अजून ५ सेकंद. उकळी वगैरे अजिबात नको. वितळलं की हवा निघून जाते आणि रंग एकसारखा पसरतो, तुमच्या डोळ्यादेखत ते मिश्रण एकदम काळपट हिरवं होतं, पहिल्यांदा बघाल तर खरंच वाटणार नाही की पाव चमच्यात एवढा रंग होता. हे उरलेल्या १३०-१४० ग्रॅममधे ओता आणि मिसळा. सगळंच जरा सैल होईल, फ्रिजमधे १०-१५ मिनिटं ठेवून परत स्पॅट्युलाने घोटा. फेटायचं नाही, घोटायचं, कारण बीटर लावला की परत हवा भरली आणि परत फिकं. मायक्रोवेव्ह नसेल तर वाटी गरम पाण्याच्या भांड्यावर धरा, वाफेचं पाणी आत पडू देऊ नका. हँड ब्लेंडर, म्हणजे सूप घुसळायचा तो उभा, आयसिंगमधे पूर्ण बुडवून फिरवला तरी हेच काम होतं, पण २०० ग्रॅमला तो नीट बुडत नाही.

इतकं करून जो रंग येईल तो खणखणीत हिरवा असेल, पण गर्द नसेल, आणि इथेच लोक आणखी हिरवा ओततात. हिरव्यात हिरवा घालून तो भडक होतो, खोल होत नाही. खोली येते ती विरुद्ध रंगाने, म्हणजे लालने. मोहरीच्या दाण्याएवढा लाल, हाच तुमचा पीच करणारा लाल, इथे कामाला येतो. त्याने हिरव्याचा भडकपणा मरतो आणि तो सावलीतल्या पानासारखा दिसायला लागतो. बाटलीहिरवा हवा असेल, म्हणजे निळ्याकडे झुकलेला, तर लाल घालायच्या आधी तेवढाच निळा घाला. शेवाळी, मेंदीकडचा हवा असेल तर लालऐवजी ब्राऊन, किंवा एक छोटा चमचा कोको पावडर चाळून. कोकोने रंगाची बाटली वाचते आणि कडवटपणाही चॉकलेटच्या चवीत लपतो, फक्त तो हिरवा नेहमी जरा मातकट येणार हे धरून चाला.

काळा घालू का असं सगळे विचारतात. घालता येतो, पण काळा जेल बहुतेकदा दोन-तीन रंग मिसळूनच केलेला असतो आणि त्यात कधी जांभळा वर असतो कधी निळा, त्यामुळे तुमचा हिरवा कुठे जाईल सांगता येत नाही. लालने काय होणार ते मला माहीत असतं, म्हणून मी लालच घेते.

लीफ ग्रीन नसेल आणि पिवळा-निळा मिसळून करायचा असेल तर पिवळ्याचे तीन-चार भाग आणि निळ्याचा एक, आणि निळा आकाशी जातीचा घ्या. रॉयल ब्लूमधे जांभळट झाक असते, तो पिवळ्याशी भांडतो आणि हिरवा मळका येतो. मळकाच हवा असेल तर मात्र तोच घ्या, लाल घालायचं काम वाचलं.

मग हे झाकून ठेवा. प्लास्टिकची फिल्म आयसिंगला चिकटवून, मधे हवा राहू न देता, रात्रभर फ्रिजमधे. सकाळपर्यंत हिरवा एक-दोन पायऱ्या नक्की गडद होतो. तुमचा केक परवा आहे म्हणजे आज रात्री हिरवा करून ठेवा, उद्या बघा, मगच ठरवा अजून काही घालायचं का. गडद रंग केक द्यायच्या दिवशी करायचा नसतोच. वापरायच्या आधी बाहेर काढून तासभर ठेवा, परत हळूहळू घोटा, आणि मग नोझलमधे भरा. चव आणि डाग दोन्ही बघायला चिमूटभर जिभेवर ठेवा आणि आरशात बघा. जीभ थोडी हिरवी होणारच, पण दातांच्या कडाही हिरव्या झाल्या तर रंग जास्त आहे, त्यात ५० ग्रॅम साधं आयसिंग मिसळा आणि एक पायरी फिकं पान मान्य करा.

व्हिपिंग क्रीमवर हे काही चालत नाही, ते आधीच सांगते. ते वितळवता येत नाही आणि जास्त घोटलं की रवाळ होऊन फाटतं. त्यात रंग घालायचा तर फेटायच्या आधी पातळ क्रीममधेच घालायचा, आणि तरीही बाटलीहिरवा येत नाही, मध्यम हिरव्यावर समाधान मानायचं. पानं बटरक्रीमची आणि बाकी केक क्रीमचा असं मी बऱ्याचदा करते, कुणाला कळत नाही.

आता दोन्ही रंग एकत्र येतात तिथे खरी भीती आहे. गर्द हिरव्यात रंग ठासून भरलेला असतो आणि तो पाण्यात विरघळणारा, त्यामुळे जरा ओल मिळाली की तो सुटून गुलाबीत उतरतो, आणि हिरवा-गुलाबी एकमेकांचे विरुद्ध असल्यामुळे तिथे हिरवट नाही तर मातकट करडा ओघळ दिसतो. ओल कुठून येते, तर फ्रिजमधून. गार केक दमट हवेत आला की त्यावर बारीक थेंब जमतात. म्हणून गुलाबी थर देऊन केक फ्रिजमधे कडक होऊ द्या, पानं शेवटी काढा, द्यायच्या दोन-तीन तास आधी. त्यानंतर परत फ्रिजमधे ठेवायलाच लागला तर बंद खोक्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोकं उघडू नका, अर्धा-पाऊण तास तसंच बंद राहू दे, म्हणजे थेंब खोक्यावर जमतील, केकवर नाही. जमलेच केकवर तर पुसू नका! टिश्यू लावला की संपलं. पंख्याची हवा थेट न लावता तसंच उघडं ठेवा, थोडे थेंब आपोआप सुकतात आणि डाग पडत नाही.

खोकं बंद ठेवायचं दुसरं कारण म्हणजे मघाशी म्हटलं तो गुलाबीचा उजेडाचा प्रश्न. खिडकीत किंवा जोरदार दिव्याखाली दिवसभर राहिलेला बेबी पिंक संध्याकाळी उडालेला दिसतो, खास करून एका बाजूने, म्हणजे केक फिरवला की दोन रंगाचा. हिरवा त्यामानाने टिकतो. एकदा मी केक सजवून खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला होता आणि न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं की मागची बाजू मुद्दाम पांढरी ठेवलीत का. मी हो म्हटलं.

राहता राहिलं ते तुमचं पीच झालेलं बाऊल. त्याला जांभळा घालून गुलाबी करायला जाऊ नका, त्यात लाल आधीच केशरी होऊन बसलाय, तो विटकरी नाहीतर मळका होईल. फेकूनही देऊ नका. त्यातलंच २०० ग्रॅम घ्या आणि हिरवा त्यात करा. पिवळा त्यात आहेच, लाल पण आहे, म्हणजे जो मोहरीएवढा लाल मी शेवटी घालायला सांगितला तो तुम्ही आधीच घालून बसलायत. फक्त वर वेगळा लाल घालू नका, आधी लीफ ग्रीन घालून गरम करून बघा, बहुतेक तेवढ्यातच गर्द येईल. गुलाबीसाठी मात्र ५०० ग्रॅम नवीनच करा.